एकट्यापुरता आणि दोघांपुरता स्वयंपाक शिकवताना : अनुभव धागा

निमंत्रण (पर्वरी)

नवविवाहित जोडपी आणि नोकरीनिमित्त एकटे राहणारे तरुण यांच्यासाठी घरच्या घरी स्वयंपाकाचे छोटे वर्ग घ्यावेत, असा माझा विचार आहे. एका वेळी सहा जणांपेक्षा अधिक मंडळी माझ्या स्वयंपाकघरात मावणार नाहीत. ज्यांनी असे वर्ग घेतले आहेत किंवा अशा वर्गात शिकले आहेत, त्यांनी पदार्थ कोणते निवडले, साहित्याला किती खर्च आला आणि शुल्क कसे ठरवले, हे कृपया सविस्तर लिहावे. पाककृती पुस्तकांत मिळतात, म्हणून त्यांच्यापेक्षा वर्गाचे गणित समजून घ्यायची मला अधिक गरज आहे.

फोंडा, अनेक वर्षे वर्ग घेणाऱ्या बाई

पदार्थ ठरवण्याआधी माणसे किती, हे ठरवावे. आपल्याकडे येणारे विद्यार्थी एकट्यासाठी किंवा दोघांसाठी रांधणार असतात, आणि आपण मात्र सहा-आठ माणसांच्या अंदाजाने शिकवतो. घरी गेल्यावर ते प्रमाण निम्मे किंवा पाव करतात, आणि तिथेच पदार्थ बिघडतो. रुंद पातेल्यात रस्सा कमी असला तरी वाफ तेवढीच जाते, त्यामुळे पाणी पाव केले की तोंडाक भांड्याला लागते. फोडणीचे तेल पाव केले की ते कढईच्या तळावर पसरून जाते आणि मोहरी तडतडण्याऐवजी करपते. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात पाव नारळाचे वाटण कडेला चिकटून बसते आणि रवाळ राहते. म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवसापासून लहान टोप, झाकण, फोडणीची पळी आणि चटणीचे भांडे हीच साधने असतात, आणि प्रत्येक पदार्थ दोघांच्याच मापाने होतो.

माझ्या पहिल्या वर्गात उकड्या तांदळाचा भात, अळसांद्यांचे तोंडाक, तांबडी भाजी आणि सोलकढी हे चार पदार्थ असतात. सहा विद्यार्थ्यांच्या तीन जोड्या करते. दोन जोड्या गॅसच्या शेगडीवर आणि एक इंडक्शनवर. दोघांसाठी 100 ग्रॅम अळसांदे रात्री भिजत घालून कुकरला लावायचे. ते शिजले की नाही हे शिट्ट्या मोजून न ठरवता दोन बोटांत दाणा दाबून पाहायला सांगते. साल शाबूत राहून आतला भाग पिठूळ दबला पाहिजे. सोलां किंवा चिंच त्यानंतरच घालायची. उत्साही विद्यार्थी आंबटाण आधी घालतात, मग कितीही शिट्ट्या घेतल्या तरी दाणा टणक राहतो, आणि ते दोष अळसांद्यांना देतात. एखाद्या जोडीचे असे झाले, तर ते तोंडाक टाकून न देता सर्वांना त्यातला दाणा दाबून पाहायला लावते.

साहित्याचा हिशेब माझ्याकडच्या सध्याच्या बाजारभावाने असा होतो. सहा जणांना 600 ग्रॅम तांदूळ 40 रुपये, 300 ग्रॅम अळसांदे 50, तीन नारळ 150, तांबड्या भाजीच्या जुड्या 60, कांदा-लसूण-कोथिंबीर 60, मसाला आणि सोलां मिळून 60, तेल-गूळ-मीठ 35, आणि गॅस व वीज 40 धरते. एकूण 495 रुपये, म्हणजे माणशी सुमारे 82. या यादीत सर्वांत जड नारळ आहे, आणि त्याचाच भाव सर्वांत जास्त हलतो. त्यामुळे नारळ महागला की मी आधी हिशेब पुन्हा मांडते.

शुल्क माणशी 400 रुपये घेते. सहा जण आले तर 2,400 जमा होतात. त्यातून साहित्याचे 495 आणि भांडी-लादी करणाऱ्या बाईचे 300 वजा जाता सुमारे 1,600 उरतात. वर्ग तीन तासांचा असला तरी बाजार, पूर्वतयारी आणि आवराआवर धरून माझे सहा तास जातात, म्हणजे तासाला 265 रुपयांच्या आसपास पडतात. चारच जण आले तर जमा 1,600 होते. साहित्य 350 च्या खाली फारसे उतरत नाही, बाईचे 300 तसेच राहतात, आणि हाती 950 उरतात, म्हणजे तासाला 160 सुद्धा नाहीत. म्हणून शुल्क सहा जणांच्या हिशेबाने न ठरवता चार जण आले तरी परवडेल असे ठरवावे, आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी.

म्हापसा, सध्या घरी वर्ग घेणारी

मला इतके गणित लागत नाही. साहित्याला जेवढा खर्च येतो, त्याच्या तिप्पट शुल्क घ्यावे, हा माझा नियम आहे. तो सर्वांना लगेच समजतो आणि घासाघीस होत नाही. नारळाबद्दल मात्र फोंड्याच्या ताईंशी सहमत आहे. मी विद्यार्थ्यांना एवढेच सांगते की नारळ फोडल्यावर डोळ्यांकडची कवड आधी वापरावी, कारण ती लवकर खराब होते. उरलेल्या कवडीचे वाटण करून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवावे. एकट्याला एक नारळ एका जेवणात संपवता येत नाही, आणि आपल्या दमट हवेत दुसऱ्याच दिवशी त्याला वास येऊ लागतो.

फोंड्याच्या बाई, पुन्हा

वाटण गोठवण्याचा सल्ला उत्तम आहे आणि मीही तो देते. फक्त सोलकढीसाठी नारळ ताजाच घ्यावा. तिपटीच्या नियमाबद्दल मात्र मला शंका आहे. पिठले-भाताच्या वर्गात साहित्य माणशी 40 रुपयांत होते. तिप्पट म्हणजे 120. सहा जणांचे 720. त्यातून साहित्याचे 240 आणि बाईचे 300 गेले की तुमच्या हाती 180 रुपये राहतात. उलट सुंगटांच्या वर्गात त्याच नियमाने शुल्क इतके चढते की विद्यार्थी येत नाहीत. आपला वेळ दोन्हीकडे सारखाच जातो, त्यामुळे वेळेचे पैसे वेगळे आणि साहित्याचे वेगळे धरलेले बरे.

वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा

मी शिकलेला माणूस आहे, शिकवणारा नव्हे. मी ज्या वर्गाला गेलो तिथे शिकवणाऱ्या काकूंनी सर्व काही गॅसवर आणि जाड बुडाच्या पितळी भांड्यांत करून दाखवले. माझ्या खोलीत एकच इंडक्शन आहे, आणि घरमालक मासळी शिजवू देत नाहीत. त्या भांड्यांपैकी एकही इंडक्शनवर चालत नाही, आणि ज्वाळा पाहून आच ओळखण्याची जी सवय लावली गेली, तिचा मला उपयोग झाला नाही. त्यामुळे प्रवेश देताना प्रत्येकाला घरी शेगडी कोणती आहे, फ्रीज आहे का आणि मिक्सर आहे का, एवढे तरी विचारावे.

दुसरे असे की रात्री कामावरून परतल्यावर चार पदार्थ करणे शक्य नसते. भात, एक ओली भाजी आणि पोदेराकडचे उंडे, एवढ्यावर माझा आठवडा चालतो. वर्गात शिकलेल्यांपैकी तोंडाक तेवढे मी खरोखर करतो, कारण ते दुसऱ्या दिवशी डब्यात नेता येते आणि उंड्याबरोबर खाता येते. सोलकढी घरी एकदाही केलेली नाही.

मडगाव, डबे पुरवणाऱ्या ताई

माझ्याकडे दुपारचा डबा मिळतो. दोन पोळ्या, भाजी, आमटी आणि भात. एकट्या राहणाऱ्या मुलांना शिकवत बसण्यापेक्षा डबा लावणे स्वस्त पडते, असे माझे मत आहे. आपण डब्यांचा व्यवसाय सुरू करणार असाल, तर अन्न विक्रीसाठी नोंदणी मात्र अवश्य करून घ्यावी.

पर्वरी (निमंत्रक)

ताई, मी अन्न विकणार नसून शिकवणार आहे. विद्यार्थी स्वतः रांधलेलेच जेवतील. तरीही नोंदणीबाबत संबंधित कार्यालयात विचारून घेईन. जोडप्यांच्या शुल्काबद्दल कुणी लिहील का?

डिचोली, गेल्या वर्षी लग्न झालेली

आम्ही दोघे मिळून एका वर्गाला जात होतो. तिथे जोडप्याला दीड माणसाचे शुल्क होते, म्हणजे माणशी 400 असेल तर दोघांचे 600. दोघे एकाच टोपात रांधतात, म्हणून साहित्य कमी लागते, असा त्यामागचा विचार सांगितला गेला. तो मला पटला नाही, कारण ओट्याजवळ जागा आम्ही दोघांचीच अडवली होती आणि जेवलोही दोघेच. याहून मोठी अडचण अशी की एका टोपाजवळ दोघे उभे राहिले की ज्याला थोडेफार येते तोच हात चालवतो. आमच्या घरी मला आधीपासून येत होते. त्यामुळे माझे यजमान महिनाभर कोथिंबीर निवडत राहिले. पुढे बाईंनी जोडपी फोडली आणि ज्यांना काहीच येत नाही त्यांना एकत्र ठेवले, तेव्हा कुठे त्यांच्या हातून पहिली तांबडी भाजी झाली. ती खारट होती, कारण पालेभाजी शिजल्यावर किती बसते याचा अंदाज नसताना मीठ कच्च्या ढिगाकडे पाहून घातले गेले होते. आता ते मीठ भाजी बसल्यावरच घालतात.

म्हापसा

जोडप्याला सवलत दिली नाही तर दोघांपैकी एकच जण येतो, आणि बहुतेक वेळा ती सूनबाईच असते. मी तरी दीडपटीचा दर बदलणार नाही.

पणजी, निवृत्त गृहस्थ

घरगुती गॅस सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, हे वर्ग घेणाऱ्या सर्वांनी लक्षात घ्यावे. शुल्क घेऊन शिकवणे हा व्यवसाय ठरतो की नाही, यावर वाद होऊ शकेल. पण तीन इंडक्शन घेतल्यास हा प्रश्न उद्भवत नाही, आणि वर वेर्ण्याच्या गृहस्थांनी सांगितलेली अडचणही दूर होते. घराचा वीजभार तेवढा आहे का, हे मात्र आधी वायरमनला दाखवावे. तीनही एकदम चालू केल्यास जुन्या घरांत मेन उडतो.

वास्को, मासळीचे वर्ग घेणारी

मासळी शिकवायची असेल तर तिचे पैसे शुल्कात धरू नयेत. बांगड्याचा भाव सोमवारी एक आणि शनिवारी दुसरा असतो. मी सकाळी बाजारातून आल्यावर त्या दिवशीचा भाव फळ्यावर लिहिते आणि तेवढेच माणशी वाटून घेते. शिकवण्याचे 350 रुपये वेगळे. दोघांच्या हूमणाला दोन मध्यम बांगडे, पाव नारळ आणि चार-पाच तिरफळे पुरतात. तिरफळ ठेचून, बी काढून शेवटी घालायचे. ते वाटणात गेले तर हूमण कडवट होते.

1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी असल्यामुळे त्या काळात मी सुक्या सुंगटांचे किस्मूर शिकवते. त्याला साहित्य कमी लागते आणि ते अर्ध्या तासात होते, म्हणून त्या वर्गाचे शुल्क निम्मे ठेवले होते. फोंड्याच्या ताईंचा हिशेब वाचल्यावर ते निम्मे ठेवणे योग्य होते का, असा प्रश्न पडला आहे. कारण सुंगटे निवडायला आणि नंतर घरातला वास घालवायला लागणारा वेळ मी कधीच धरला नव्हता. पावसाळी वर्ग घेणाऱ्या इतरांनी त्यांचे दर कळवावेत.