मदत हवी आहे: आत्या मृत्युपत्र न करता गेली, मूलबाळ नाही, वारस कोण?

गुहागरकर: थोरली आत्या गेल्या महिन्यात वारली. आतोबा २००३ सालीच गेले. दापोलीकडची कलमांची बाग त्यांच्यामागे तिच्या नावावर लागली. गुहागरला आजोबांच्या जागेच्या सातबाऱ्यावर तिचं नाव आहे. शिवणकाम करून साठवलेली बँकेतली ठेव आहे, नॉमिनी मी. शेवटची वर्षं ती आमच्याकडेच होती. सासरी एक दीर, एक नणंद हयात. धाकटे दीर वारले, त्यांचा मुलगा बाग बघतो आणि म्हणतो सगळं माझंच. माहेरी बाबा आणि धाकटी आत्या आहेत. काका वारले, त्यांच्या दोन मुली आहेत. खरं काय?

नाना_मालवण: नॉमिनी तू, ठेव तुझी. बाग सासरची, ती सासरकडे. माहेरची जागाही लग्नानंतर सासरचीच.

सुलभा_वकील: नाना, बागेचं बरोबर, बाकीचं नाही. स्त्रीला मूलबाळ नसेल तर मालमत्ता तिच्याकडे कुठून आली ते आधी बघतात. वडिलांकडून वारसाने आलेली जागा वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे बाबा एक तृतीयांश, धाकटी आत्या एक तृतीयांश आणि काकांच्या मुली प्रत्येकी एक षष्ठांश. बाग नवऱ्याच्या वारसांकडे जाते, पण तिथे भाऊ-बहीण हयात असताना मेलेल्या भावाच्या मुलाला वाटा नाही. दीर आणि नणंद निम्मे-निम्मे. बाग राखणं वेगळं, वारसा वेगळा.

ठेवीचं ऐकून वाईट वाटेल. स्वतःच्या कमाईचा पैसाही नवऱ्याच्या वारसांकडेच जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हेच सांगितलं. ती बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली होती, माहेरी राहून नोकरी केली, तरी पैसा सासरच्यांना गेला. मला हा कायदा अन्यायाचाच वाटतो. नॉमिनीने पैसे घ्यायचे ते वारसांच्या वतीने.

रेवदंड्याची_शुभांगी: आमच्याकडे बहीण हक्कसोडपत्रावर सही करत नाही. घर विकता येईल का?

सुलभा_वकील: शुभांगीताई, तो प्रश्न वेगळा, नवा धागा काढा. गुहागरकर, आधी तलाठ्याकडून जुने फेरफार काढा. आजोबांनी बक्षीसपत्र किंवा मृत्युपत्र करून जागा दिली असेल तर तो वारसा धरत नाहीत, आणि मग तीही सासरकडे जाईल.

गुहागरकर: फेरफारात "वारसाने" असंच लिहिलंय, खाली आजोबांच्या मृत्यूची तारीख आहे. मग वारस नोंदीचा अर्ज टाकतो.

सुलभा_वकील: टाका. हरकत आली तर नोंद तक्रारी होते आणि मंडळ अधिकारी सुनावणी घेतात. तिथे मालकी ठरत नाही, ती दिवाणी कोर्टातच. आतोबा गेले तेव्हा त्यांची आई हयात होती का?

गुहागरकर: होत्या. नंतर दोनेक वर्षांनी गेल्या.

सुलभा_वकील: मग चित्र बदललं. आतोबांची निम्मी बाग तेव्हाच आईची झाली, फेरफारात नाव लागलं नाही तरी. त्या निम्म्यातला एक तृतीयांश धाकट्या दिरांच्या शाखेला, म्हणजे त्या मुलाच्या बाजूला जातो. आतोबांना बाग कशी मिळाली होती, वाडवडिलांची की स्वतः घेतलेली?

गुहागरकर: माहीत नाही. दिरांना विचारावं लागेल, पण ते सध्या बोलत नाहीत.