वाचनात मागे असलेल्या मुलाच्या पालकांशी काय बोलायचं?

पाटीपेन्सिल: शनिवारी तिसरीतल्या एका मुलाच्या आईवडिलांना बोलावलंय. वाचनात फार मागे आहे. मी असं बोलणार आहे: "मुलगा गुणी आहे, सगळ्यांशी मिळूनमिसळून असतो. फक्त घरी वाचनाकडे थोडं लक्ष द्या." पालक दुखावणार नाहीत असं अजून काय बोलू?

जुना फळा: हे वाचून राहवलं नाही. 'घरी थोडं लक्ष द्या' हे वाक्य आधी खोडा. काय करायचं ते कळलेलं नसतं, म्हणून पालक त्याच रात्रीपासून मुलावर ओरडायला लागतात.

भेटीआधी त्याला न वाचलेला सोपा उतारा द्या आणि एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द मोजा. मग तेवढाच सोपा दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि चार प्रश्न विचारा. ऐकून उत्तरं आली तर गोष्ट कळतेय, घोडं अक्षरांपाशी अडलंय. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वेळी बोलणं साधारण असं झालं:

मी: घरी वाचायला बसतो तेव्हा काय होतं, ते आधी तुम्ही सांगा.
आई: दोन ओळी वाचतो आणि पाणी प्यायला उठतो.
मी: वर्गातही तसंच होतं. तीन महिन्यांपूर्वी मिनिटाला १८ शब्द बरोबर यायचे, आता २४ येतात. पुढे सरकतोय, पण वर्गाच्या बराच मागे आहे आणि या वेगाने अंतर वाढत जाईल.
वडील: म्हणजे डोकं कमी आहे का?
मी: उतारा वाचून दाखवला तेव्हा चारही उत्तरं बरोबर दिली. जोडाक्षर आलं की मात्र पहिलं अक्षर बघून अंदाज करतो. 'पुस्तक'च्या जागी 'पुतळा' म्हणाला.
आई: मग मी काय करू?
मी: रोज दहा मिनिटं, चार दिवस तोच छोटा उतारा. अडला तर क्षणभर थांबा, मग शब्द सांगून टाका. जोडाक्षरं मी वर्गात रोज घेईन. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजू. तारीख आत्ताच ठरवू या.

दोघींची आई: अजिबात पटलं नाही. माझ्या धाकटीच्या वेळी असाच आकड्यांचा कागद समोर आला. त्यानंतर बाई काय बोलल्या ते मला आठवतही नाही. आणि हे सगळं मुलीला शेजारी बसवून! ती अजून म्हणते, "मला वाचता येत नाही, बाईच म्हणाल्या होत्या." आज ती बारा वर्षांची आहे.

उंबरठा: मुलाला बसवायलाच हवं. बाहेर ठेवलं की आत आपल्याबद्दल काय चाललंय याची तो भलतीच कल्पना करतो. माझा नववीतला मुलगा गणितात मागे होता. भेटीत तो स्वतःच म्हणाला की अपूर्णांकांपासून काही कळलेलं नाही. आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं.

दोघींची आई: तुमचा नववीत, इथे आठ वर्षांचं पोर आहे! मोठी माणसं आपल्या उणिवा मोजत असताना त्याने खुर्चीवर पाय हलवत ऐकत बसायचं?

उंबरठा: तुमच्या बाईंनी चूक केली म्हणून सगळ्या मुलांना दाराबाहेर उभं करायचं का? लपवल्याने मुलं जास्त घाबरतात, हे मी घरात पाहिलंय.

जुना फळा: दोघांनीही जरा थांबा. वरच्या भेटीत मुलगा पहिली पंधरा मिनिटं नव्हता. शेवटी आत बोलावलं, 'पुस्तक'ची गंमत त्यालाच सांगायला लावली आणि उतारा त्यालाच निवडू दिला. इतक्या लहान मुलासमोर वर्गाशी तुलना नको, एवढं ताईंचं मान्य. आकडाही मी आईचं ऐकून झाल्यावर सांगितला, पण सांगितला. तो गाळला तर सहा आठवड्यांनी फरक पडला की नाही हे कशावरून ठरवणार?

दोघींची आई: आकडा सांगा, पण चुकलेले शब्दही दाखवा. मला तेव्हा 'पुस्तक-पुतळा' कुणी दाखवलं असतं तर निदान काय शिकवायचं ते कळलं असतं. एवढंच मान्य करते. मुलीला बसवण्याबद्दल माझं मत बदलणार नाही.

पाटीपेन्सिल: आज दोन्ही करून पाहिलं. वाचले ३१ शब्द. पण मी वाचून दाखवलं तेव्हा चारपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर आलं. आता तुमचा संवाद मला कसा लागू होणार?

जुना फळा: नाही होणार. 'गोष्ट कळते' हे वाक्य तुम्हाला म्हणता येणार नाही आणि जोडाक्षरांच्या सरावाने हे सुटणार नाही. घरी कोणती भाषा बोलतात, दुसऱ्या खोलीतून हाक मारली तर ओ देतो का, वारंवार सर्दी होते का, हे आधी विचारा. मधल्या कानात पाणी साचलं तर मुलाला कधी नीट ऐकू येतं, कधी नाही, आणि आपण म्हणतो, त्याचं लक्षच नसतं. शनिवारी निदान करू नका. दिसलं ते सांगा आणि कान तपासून घ्यायला सांगा.

उंबरठा: आणि मुलाला आत घ्या.

दोघींची आई: घेऊ नका.