मदत हवी आहे: क्लोन उलटा झाला, भरलेल्या हार्डडिस्कवर रिकामी एसएसडी उतरली

स्टुडिओ_दारव्हा
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या गावात फोटो स्टुडिओ आहे. १ टीबीच्या जुन्या हार्डडिस्कवर लग्नांचे फोटो-व्हिडिओ साधारण ४०० जीबी होते, एकच एनटीएफएस पार्टिशन. ते नव्या ५०० जीबी एसएसडीवर घ्यायचे होते. क्लोनझिलामध्ये डिस्क-टू-डिस्क करताना सोर्स म्हणून फॉरमॅट केलेली रिकामी एसएसडीच निवडली गेली. काम दोन मिनिटांत संपलं. आता जुनी डिस्क रिकामी दिसते, ५०० जीबीचंच पार्टिशन दाखवते. दुसरी कॉपी नाही, लोकांचे अल्बम द्यायचे राहिले आहेत. काय करता येईल?

वऱ्हाडी_पीसी
भाऊ, टेस्टडिस्क चालवा. जुनं पार्टिशन शोधून Write करा, सगळं जागच्या जागी दिसंन.

बिट_बाय_बिट
थांबा, Write करू नका. टेस्टडिस्क जुनं पार्टिशन शोधेलही, कारण एनटीएफएसच्या बूट सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटी असते आणि तुमच्या डिस्कचं ते टोक शाबूत असणार. पण फाइलींची यादी, म्हणजे एमएफटी, पार्टिशनच्या सुरुवातीपासून साधारण ३ जीबीवर सुरू होते. नव्या पार्टिशनची यादी जवळपास त्याच जागी उतरली आहे. नुसता पार्टिशन टेबल बदलून फोल्डर परत येणार नाहीत, उलट मूळ डिस्कवर आणखी लिहिलं जाईल.

स्टुडिओदादा, तुमच्या पोस्टमधली कामाची गोष्ट म्हणजे ती दोन मिनिटं. हार्डडिस्कवर ५०० जीबी खरोखर लिहायचे तर सेकंदाला १०० एमबीच्या वेगानेही सव्वा तासाहून जास्त लागतो. म्हणजे क्लोनझिलाने फक्त वापरात असलेले ब्लॉक नेले. रिकाम्या एनटीएफएसमध्ये ते फार थोडे असतात: छोटी एमएफटी, ६४ एमबीच्या आसपासची लॉग फाइल, बिटमॅप. तुमचे बहुतेक फोटो जागेवरच आहेत.

जुन्या यादीत एका फाइलची नोंद १ केबीची असते. नव्या यादीने त्यातल्या काहीशे नोंदी पुसल्या असतील, पुढच्या उरल्या असतील. लॉग फाइल कुठे पडली हे मात्र इथून सांगता येत नाही. ती जुन्या यादीवर पडली असेल तर बरीच नावं जातील.

डिस्क विंडोजला जोडू नका, chkdsk तर मुळीच नको. तो रिकाम्या फाइलसिस्टिमलाच खरी मानून दुरुस्ती करतो. २ टीबीची दुसरी डिस्क आणा, ती exFAT किंवा NTFS असू द्या, कारण FAT32 वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. लिनक्स लाइव्ह पेनड्राइव्हवरून ती डिस्क /mnt/nava वर माउंट करा आणि आधी इमेज काढा:

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,SERIAL
sudo ddrescue -d /dev/sdX /mnt/nava/juni.img /mnt/nava/juni.map
```

sdX च्या जागी जुन्या डिस्कचं नाव घाला, पण डिस्कवरच्या स्टिकरचा सिरियल नंबर जुळवूनच. या वेळी दिशा चुकली तर पुढे काहीच उरणार नाही.

नवखी_वाचक
माझ्याकडे पण असंच झालं, पण मी dd वापरलं होतं आणि ते पूर्ण चाललं. ५०० जीबीची रिकामी डिस्क १ टीबीवर गेली. मग माझाही डेटा आहे ना?

बिट_बाय_बिट
ताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. dd रिकामी जागाही शून्यांसकट लिहितं. पहिले ५०० जीबी गेले, ते कोणतीही लॅब आणू शकत नाही. त्यापुढचा भाग आहे, पण यादी बहुधा नाही, म्हणून तिथे यादीशिवाय फाइली शोधणारं फोटोरेक. नावं-फोल्डर मिळत नाहीत, फोटोच्या एक्झिफमधल्या तारखेवरून लावून घ्यावं लागतं.

स्टुडिओ_दारव्हा
इमेज सुरू केली होती, मध्येच लाइन गेली. पहिल्यापासून करायचं का जी?

बिट_बाय_बिट
नाही. डिस्कची नावं पुन्हा तपासा, कारण रीस्टार्टनंतर sdb चं sdc होऊ शकतं. नवी डिस्क परत /mnt/nava वर माउंट करा, मग तीच कमांड त्याच map फाइलसह द्या, जिथे थांबली तिथून पुढे जाईल.

स्टुडिओ_दारव्हा
इमेज झाली. डीएमडीई या डेटा परत काढायच्या प्रोग्रॅममध्ये तिचा फुल स्कॅन केला. दोन एनटीएफएस दिसतात, एक ४६५ जीबीचं आणि एक ९३१ चं. मोठं उघडलं तर बरेच फोल्डर नावासकट आहेत. काही फोटो उघडतात पण खालचा भाग करडा येतो. आणि एका लग्नाचं फोल्डरच नाही.

बिट_बाय_बिट
९३१ वालंच तुमचं. करड्या फोटोंचे तुकडे नव्या लॉग फाइलखाली गेले असावेत, ते तसेच राहतील. मोफत आवृत्ती एका वेळी एका फोल्डरमधल्या ४००० फाइलीच काढते, म्हणून लग्नागणिक काढा आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवा. जे फोल्डर नाही, त्याच्यासाठी त्याच इमेजवर फोटोरेक चालवून तारखेने शोधा. जेपीजी मिळायला हवेत.

वऱ्हाडी_पीसी
आणि व्हिडिओ?

बिट_बाय_बिट
ज्यांची नोंद उरली ते निघतील. नोंद नसलेला मोठा व्हिडिओ डिस्कवर तुकड्यांत असेल तर फोटोरेक तो नीट जोडू शकत नाही. अशा फाइली चालवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला शब्द देऊ नका.