भाड्याचं घर, वरच्या काकी आणि सुक्या बांगड्याचा वास: तुमचे अनुभव सांगा

म्हापशाची सुगरण
धागा काढतेय कारण हा प्रसंग माझ्यावर याच जूनमधे आला आणि मला वाटतं आपल्याकडे भाड्याने राहणाऱ्या बऱ्याच जणांवर येत असेल. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, ताजं महाग, मग पावसाळ्यासाठी साठवलेल्या पुरुमेताचा डबा उघडतो आणि सुका बांगडा गॅसवर भाजला की सगळ्या बिल्डिंगला कळतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकींनी घरमालकांना मेसेज केला की भाडेकरूंच्या स्वयंपाकाचा वास असह्य होतो, आणि घरमालकांनी तो मला तसाच फॉरवर्ड केला, खाली नुसतं "बघा जरा".

पहिल्यांदा वाईट वाटलं, खरं सांगते, घरात काय खायचं हे दुसऱ्याने का सांगावं असंच मनात आलं. रात्रभर उत्तर दिलं नाही. सकाळी काकींनाच लिहिलं, घरमालकांना मधे न घेता:

"काकी नमस्कार, वास वरपर्यंत येतो हे मला माहीत नव्हतं. कुठल्या खोलीत येतो आणि साधारण किती वाजता, तेवढं सांगाल का? चालेल तर आज संध्याकाळी मी वर येऊन उभी राहते, हे खाली भाजतील, म्हणजे नक्की कुठून येतो ते कळेल. चिमणी किंवा फॅन जे लागेल त्याचं मी घरमालकांशी बोलते. तोपर्यंत सुकं भाजायचं झालं तर तुमची पूजा आटोपल्यावर, अकरानंतर भाजेन."

भाजणार नाही असं मी कुठेच लिहिलं नाही, कारण ते पाळता आलं नसतं आणि मग पुढच्या वेळी माझा शब्द कोणी धरला नसता. वेळेचा शब्द दिला, तो पाळता येतो.

संध्याकाळी वर गेले. काकींनी चहा ठेवला. मी सारखी त्यांच्या किचनच्या खिडकीशी जाऊन वास घेतेय, तिथे काहीच नाही! दहा मिनिटांनी वास आला तो पॅसेजमधून, बाथरूमच्या पट्ट्यांच्या खिडकीतून. आमचा जुना ९ इंची एक्झॉस्ट फॅन मधल्या शाफ्टमधे हवा फेकतो आणि सगळ्या मजल्यांची बाथरूम त्याच शाफ्टवर उघडतात. म्हणजे मी फॅन लावून वास घालवतेय असं समजत होते आणि तो सरळ काकींकडे पाठवत होते. आता चिमणी घ्यायचं ठरलंय. कोणी भाड्याच्या घरात बसवलीय का?

पर्वरीकर
पाईप नसलेली चिमणी घ्या. भिंतीला भोक नाही, घरमालकाची परवानगी नाही, घर सोडताना काढून न्या. सक्शन फक्त जास्त आकड्याचं बघा, की वासाचा प्रश्न मिटला.

फोंड्याचा फिटर
पर्वरीकर, परवानगीचं तुमचं बरोबर, वासाचं नाही. मी चिमण्या बसवतो. पाईप नसलेल्या चिमणीत जाळी तेल धरते, वास धरायचं काम कोळशाच्या फिल्टरचं, आणि तो काही महिन्यांत भरतो, धुऊन परत वापरता येत नाही. रोजच्या फोडणीला ती ठीक. सुका बांगडा भाजलात तर हवा परत तुमच्याच किचनमधे आणि दार उघडलं की जिन्यात.

ताई, तुमच्या केसमधे आधी दिशा ठरवा, सक्शन मागाहून. पाईप शाफ्टमधे सोडलात तर मोठी चिमणी आत्ताच्या फॅनपेक्षा जास्त वास वर ढकलेल. बाहेरच्या मोकळ्या बाजूला खिडकी किंवा बाल्कनी आहे का? असेल तर भिंत फोडू नका, खिडकीची एक काच काढा, त्या मापाचा अॅक्रिलिक शीट बसवा आणि त्यात ६ इंचाचं गोल काढून पाईप जोडा. काच जपून ठेवा, जाताना परत बसवा. घरमालक याला सहसा हो म्हणतात.

पाईप ६ इंचीच ठेवा, मधे ४ इंचाचा तुकडा जोडून मिळेल त्यात भागवू नका, आवाज वाढतो आणि ओढ मरते. वळणं कमीत कमी. पाईपला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या आणि तोंडाला खाली वळलेली टोपी लावा, नाहीतर आपल्या पावसात पाणी सरळ गॅसवर. चिमणी शेगडीपासून साधारण अडीच फूट वर. आणि खिडक्या सगळ्या बंद करून चिमणी लावू नका, आत हवा आली तरच बाहेर जाईल. कोंडलंत तर ती बाथरूमच्या शाफ्टमधूनच हवा ओढते.

डिचोलीची लेक
आमचे घरमालक तर मासे शिजवायचेच नाहीत म्हणतात, करारात लिहून घेतलंय. अशांना चिमणीचं काय सांगायचं? मला तर वाटतं तुम्ही उगीच नमतं घेतलंत.

म्हापशाची सुगरण
डिचोलीची लेक, तुमचा प्रश्न वेगळा आहे, आमच्या करारात तसं काही नाही, आणि काकींनी मासे बंद करा असंही म्हटलं नव्हतं. त्यांना बाथरूममधे बांगड्याचा वास येत होता, तो मी स्वतः घेतला. ते नमतं घेणं नव्हे.

मडगांवचा
आमची तक्रार समोरच्या फ्लॅटची होती, जिन्यात वास. चिमणी होती, पाईप बाहेर होता, तरी वास. शेवटी माझ्या आईने उदबत्ती पेटवून मुख्य दाराच्या खालच्या फटीजवळ धरली. चिमणी चालू असताना धूर घरात ओढला गेला पाहिजे, आमचा बाहेर जात होता. कारण हॉलचा पंखा फुल आणि हॉलची खिडकी वाऱ्याच्या बाजूला उघडी, म्हणजे वारा किचनमधला वास दाराकडे ढकलत होता. आता भाजताना हॉलची खिडकी बंद, किचनची थोडी उघडी, दाराला खाली रबराची पट्टी. आणि चिमणी शेगडी पेटवायच्या पाच मिनिटं आधी लावतो, बंद केल्यावर पंधरा मिनिटं चालू ठेवतो. समोरच्या वहिनींनी नंतर विचारलंसुद्धा, मासे खायचे सोडलेत की काय!

पर्वरीकर
उदबत्तीचं करून बघितलं. माझ्याकडेही धूर बाहेर जातोय. फिटरभाऊ, खिडकीतून पाईप काढायला भाड्याच्या घरात खर्च कोणी करायचा?

फोंड्याचा फिटर
ते मी कसं सांगू, ठरवलेलं असं काही नाही. मी बघितलंय ते असं: चिमणी भाडेकरूची, कारण ती तो घेऊन जातो, खिडकीचं काम घरमालकाचं. पण पुष्कळ ठिकाणी सगळंच भाडेकरू करतो.

म्हापशाची सुगरण
आमच्याकडे सगळा खर्च आम्हीच केला, घरमालकांनी फक्त "काच फुटता कामा नये" म्हटलं. शाफ्टचा फॅन बंद करून त्यावर पत्रा मारला, चिमणीचा पाईप मागच्या बाल्कनीतून बाहेर. बसवायच्या आधी काकींना फोटो पाठवला की तोंड कुठे येणार, त्यांनी बघून सांगितलं की जरा डावीकडे घ्या, उजवीकडे आमचे कपडे वाळतात. बरं झालं विचारलं.

चाचणीला परत वर गेले, बाथरूममधे वास नाही. जोराचा पाऊस आणि वारा मागून आला की अजून थोडा येतो, त्यावर उपाय सापडलेला नाही. श्रावणात काकींचे सोमवार असतात, त्या दिवशी सुकं भाजायचं नाही हे मीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवलंय.

कोणाच्या बिल्डिंगमधे शाफ्टला वर जाळी किंवा फिरता व्हेंटिलेटर बसवलाय का? आमच्या शाफ्टच्या वर स्लॅबचं झाकण आहे, मला वाटतं वास अडकतो तो त्यानेच.