चिठ्ठीऐवजी सेन्सेक्स

>> सोसायटीच्या प्रश्नमंजुषेत ४७ जणांची सगळी उत्तरं बरोबर आली. चिठ्ठी काढली तर कुरबुर होणारच. दुसरा काही उपाय?

आमच्या रत्नागिरीच्या सोसायटीतही चिठ्ठीवरून रुसवेफुगवे झालेत (घडी ओळखीची होती म्हणे!). आता आम्ही १ ते ४७ अशी क्रमवार यादी दुपारी साडेतीनच्या आत, म्हणजे बाजार बंद व्हायच्या आधी, ग्रुपवर टाकतो. त्यासोबतच नियमही लिहितो: आजचा सेन्सेक्सचा बंद आकडा बीएसईच्या साइटवरून घ्यायचा, दशांशचिन्ह काढायचं, ४७ ने भागायचं, उरेल तो विजेता, बाकी शून्य आली तर ४७ वा. बाजाराला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवसाचा आकडा.

समजा आकडा ८१२३४.५६ आला. मग ८१२३४५६ ला ४७ ने भागल्यावर बाकी २३. कोणीही मोबाइलवर पडताळून बघावं.

फक्त शेवटचे दोन अंक मात्र घेऊ नका. ०० ते ९९ मध्ये ४७ दोनदाच पूर्ण बसतो आणि वर सहा आकडे उरतात. त्यामुळे १ ते ५ आणि ४७ या क्रमांकांना तीन संधी, बाकीच्यांना दोनच. पूर्ण आकड्यात हा फरक नगण्य होतो. आणि यादी एकदा टाकली की तिला हात लावायचा नाही. उशिरा आलेलं एक नाव घुसवलं तरी भाजक ४८ होतो आणि विजेताच बदलतो.