रेसच्या चौकटीवरची कथा: पेच खरा की ओढूनताणून आणलेला?

कोरा_कागद
एक लघुकथा लिहून झाली आहे. नायिका सुगंधा, मराठी माध्यमात शिकलेली, अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात पीएचडीला जाते. ऑगस्टमध्ये विद्यार्थी पोर्टलवर रेसचा, म्हणजे वंशाचा, प्रश्न येतो आणि एकही पर्याय तिला आपला वाटत नाही. शेवटी ती 'Other' वर टिक करते, शेजारच्या रकान्यात 'Marathi' लिहिते आणि फॉर्म पाठवून देते. हा शेवट पटतो का? मोकळेपणाने सांगा.

आकडेमोड
नाही पटत. पहिलं कारण अगदी साधं आहे: तो 'Other' तिथे बहुतेक नसतोच. अमेरिकेतली विद्यापीठं हा प्रश्न सरकारी साच्यात विचारतात, कारण दर वर्षी त्यांना शिक्षण खात्याला आकडे द्यावे लागतात. 1997 पासूनच्या साच्यात आधी 'हिस्पॅनिक आहात का' याचं हो-नाही येतं. मग पाच पर्याय: अमेरिकन इंडियन किंवा अलास्कातले मूळ रहिवासी, एशियन, ब्लॅक, हवाई व पॅसिफिक बेटांवरचे, व्हाइट. एकाहून जास्त निवडता येतात, शिवाय 'सांगायचं नाही' असाही पर्याय बऱ्याच ठिकाणी असतो. 'Some other race' तुम्ही पाहिला असेल तर तो जनगणनेच्या फॉर्मवर.

दुसरं, 'एकही पर्याय बसत नाही' हेही खरं नाही. एशियनच्या अधिकृत व्याख्येत भारतीय उपखंडाचा उल्लेख आहे आणि उदाहरणांमध्ये इंडिया हे नावही आहे. बऱ्याच पोर्टलवर ही व्याख्या पर्यायाखालीच छापलेली असते. पीएचडीला निघालेली मुलगी ती वाचणार नाही, हे वाचकाला कसं पटवाल?

शब्दवेडा
हे म्हणजे कवितेला पावती मागण्यासारखं झालं. व्याख्येत नाव असलं म्हणजे माणूस त्यात मावतो का? एशियन म्हटलं की तिकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर चिनी, कोरियन चेहरा येतो. सुगंधाला ते उपरं वाटलं तर ते तिचं वाटणं आहे, आणि कथा वाटण्यावरच चालते. 'Other' नसेल तर नसेल, लेखकाला एवढी मुभा आहे.

आकडेमोड
मुभा आहे, पण ती कुठे खर्च करायची हा प्रश्न आहे. कथेचा सगळा भार ज्या रकान्यावर, तोच रकाना खोटा निघाला तर अमेरिकेत शिकलेला प्रत्येक मराठी वाचक तिथेच थांबेल.

आणि खऱ्या पद्धतीत याहून बोचरी गोष्ट आहे, ती तुम्ही वापरलीच नाही. सुगंधा एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आहे. विद्यापीठ सरकारला आकडे देतं तेव्हा अशा विद्यार्थ्यांना रेसच्या कुठल्याच रकान्यात धरत नाही. त्यांचा वेगळा गठ्ठा असतो, त्याचं आजचं नाव 'U.S. Nonresident'. पूर्वी 'Nonresident alien' असं होतं. तिने एशियन लिहो, व्हाइट लिहो की काहीच न लिहो, त्या अहवालात ती याच गठ्ठ्यात जाते. पोर्टल प्रश्न विचारतं कारण ते सगळ्यांना एकच पान दाखवतं. म्हणजे ती ज्या उत्तरासाठी रात्रभर जागते, ते त्या अहवालापुरतं कोणीच मोजत नाही. कथा इथे आहे.

नदीकाठ
2023 च्या अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर हा प्रश्न विचारणंच बेकायदा झालं ना? मग कथा आजच्या काळात घडूच शकत नाही, 2020 च्या आधी न्यावी लागेल.

आकडेमोड
अर्धं बरोबर. जून 2023 च्या हार्वर्ड खटल्यात कोर्टाने प्रवेशाचा निर्णय घेताना रेस विचारात घ्यायला मनाई केली. माहिती गोळा करायला नाही. त्यानंतर पदवीच्या सामायिक अर्जात कॉलेजांना ती चौकट प्रवेश समितीपासून झाकून ठेवायची सोय मिळाली. पण सुगंधाचा प्रसंग प्रवेशानंतरच्या पोर्टलवरचा आहे, त्यामुळे तारखेची अडचण नाही.

कोरा_कागद यांच्यासाठी मात्र त्या निकालपत्रात कामाची गोष्ट आहे. हे पर्याय किती ढोबळ आहेत यावर न्यायाधीशांनीच बोट ठेवलं आहे, आणि पूर्व आशिया व दक्षिण आशिया एकाच एशियनमध्ये कोंबल्याचं उदाहरण दिलं आहे. शब्दवेडा यांचा मुद्दा तेवढ्यापुरता मलाही मान्य आहे.

चिंतातुर_पालक
मुलगी यंदा जाणार आहे म्हणून विचारते. एशियनवर टिक करायची ना नक्की? चुकून अमेरिकन इंडियनवर झाली तर व्हिसा अडकेल का? 'इंडियन' शब्द बघून पोरं गडबडतात असं ऐकलंय.

आकडेमोड
ताई, धागा कथेबद्दल आहे, तरी सांगतो. एशियन. व्हिसाच्या डीएस-160 अर्जात रेसचा प्रश्नच नाही, व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या आय-20 वरही नाही. विद्यापीठाच्या पोर्टलवर चुकली तर रजिस्ट्रार कार्यालयाला सांगून दुरुस्त करता येते. अमेरिकन इंडियन निवडलं की बऱ्याच अर्जांत पुढे टोळीचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचारतात, तिथे चूक आपोआप लक्षात येते.

पळसगाव
डीएस-160 चा विषय निघालाच आहे, तर कथा तिकडेच न्या. त्यात रेस नाही, पण शिक्षण-नोकरीच्या जादा माहितीच्या पानावर सरळ विचारलेलं असतं: "Do you belong to a clan or tribe?" हो किंवा नाही. हो म्हटलं की नाव लिहायला रकाना उघडतो. पुण्यामुंबईची मुलं न थांबता 'नाही' म्हणून पुढे जातात. सुगंधा गडचिरोलीची माडिया असेल तर?

तिच्या हातात अनुसूचित जमातीचा दाखला आहे. तो नुसता मागून मिळालेला नाही. वैधता प्रमाणपत्रासाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचे घराण्याचे कागद काढावे लागतात: आजोबा-पणजोबांचा शाळेतला दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा उतारा. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत तिथे पहिला कागद मिळत नाही. दुसऱ्या नोंदीत तलाठ्याने जमातीच्या जागी भलताच शब्द लिहिलेला असतो, कधी नुसतं 'हिंदू'. कागद कमी पडले की दक्षता पथक घरी येतं, आणि मग आप्तभाव चाचणी: देव कोणते, लग्नात काय करतात, माणूस गेल्यावर काय करतात, बोली येते का. समितीपुढे बसून आपण आपणच आहोत हे पटवायचं.

अशा मुलीला आयुष्यात पहिल्यांदा एक फॉर्म विचारतो की तुम्ही जमातीचे आहात का, आणि पुरावा मागत नाही. पण तो विचारतोय सुरक्षेच्या नजरेने. 'हो' म्हटलं तर मुलाखतीत चार प्रश्न जास्त येतील का, ही धास्ती. 'नाही' म्हटलं तर शपथेवर खोटं, आणि आजवर ज्यासाठी फेऱ्या घातल्या तेच नाकारणं.

शब्दवेडा
हे जबरदस्त आहे. पण मग ही मराठी विद्यार्थिनीची कथा उरली का? ती तर माडिया विद्यार्थिनीची झाली.

पळसगाव
मराठी शाळेत शिकलेली, मराठीत निबंध लिहिणारी, घरी माडिया बोलणारी. ती मराठी विद्यार्थिनी नाही, हे कोण ठरवणार? बोलता येणाऱ्या भाषांची यादीही त्याच पानावर मागतात. तुमच्या नायिकेला 'Marathi' लिहायचंच असेल तर खरी जागा ती. तिथे ती दोन भाषा लिहील, आणि त्याच पानावरचा टोळीचा प्रश्न अजून रिकामा असेल.

मग ऑगस्टमध्ये पोर्टल. अमेरिकन इंडियनच्या व्याख्येत दोन्ही अमेरिका खंडांतले मूळ लोक आणि टोळीशी टिकून असलेलं नातं, असं लिहिलेलं. त्यातलं नातं तिच्याकडे आहे, खंड चुकला. एशियनमध्ये खंड बरोबर आहे, पण तिथे ती वर्गातल्या त्याच मुलांबरोबर एका चौकटीत बसते ज्यांनी शाळेत तिला 'जंगलातली' म्हटलं होतं. आता 'बसत नाही' म्हणा, मी मानतो.

आकडेमोड
हे तांत्रिकदृष्ट्या टिकतं. एकच सूचना: डीएस-160 ला उत्तर दिल्याशिवाय पान पुढे सरकत नाही, पोर्टलवर मात्र बहुधा उत्तर न देताही जाता येतं. दोन फॉर्ममधला हा फरक वापरा. आणि क्रम सांभाळा. व्हिसा अर्ज उन्हाळ्यात, पोर्टल नंतर.

नदीकाठ
माझं मत वेगळं. पेच खरोखर घट्ट हवा असेल तर कथा 1930 च्या आसपास न्या. 1920, 1930 आणि 1940 च्या अमेरिकन जनगणनेत भारतीयांसाठी रेस म्हणून 'हिंदू' असा पर्याय होता. मुंबईचा मुसलमान असो की नगरचा ख्रिस्ती, नोंद 'हिंदू'. आणि उत्तर तुम्ही लिहायचं नाही, दारात आलेला गणक तुमच्याकडे बघून लिहिणार. शिवाय 1923 च्या भगतसिंग थिंद खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यापुरता गोरा नाही असं ठरवलेलं. नगरचा मिशन शाळेत शिकलेला मराठी ख्रिस्ती विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा.

पळसगाव
कल्पना चांगली आहे, पण ती जनगणना झाली, विद्यापीठ नव्हे. आणि तिथे विद्यार्थ्याला निवडच नाही. स्वतःच्या हाताने टिक करावी लागते यातच तर कोरा_कागद यांच्या कथेचा जीव आहे.

नदीकाठ
निवड नसणं हाही पेचच आहे. गणक लिहितो, विद्यार्थी उलट्या बाजूने वाचतो आणि दुरुस्त करायला तोंड उघडतो. काय म्हणेल तो? यावर तुम्ही दोघं अडून का बसलात कळत नाही.

कोरा_कागद
डीएस-160 घेतो आहे. 'Other' काढला. पळसगाव, एक विचारायचं राहिलं: सुगंधा त्या प्रश्नाला 'हो' म्हणाली तर रकान्यात काय लिहील? दाखल्यावरचं नाव, की घरी स्वतःला म्हणतात ते?

पळसगाव
अनुसूचीत 'गोंड' या नावाखाली बऱ्याच जमाती एकत्र आहेत, माडियाही त्यातच. दाखल्यावर काय छापलंय ते घराघरात वेगळं असू शकतं. कागदांशी जुळायला हवं म्हणून एजंट दाखल्यावरचंच लिहायला सांगेल. मी तिला 'माडिया' लिहायला लावेन. पण मग मुलाखतीचा प्रसंग लिहावा लागेल, टाळता येणार नाही.

शब्दवेडा
मुलाखत नको. दोन मिनिटांत ऑफिसर 'अप्रूव्हड' म्हणतो आणि त्या रकान्याबद्दल चकार शब्द काढत नाही, असंच होऊ द्या.

पळसगाव
तेही होऊ शकतं. पण मग ती रात्रभर घाबरली ते वाया गेलं असं वाचकाला वाटेल, आणि आकडेमोड यांचा पोर्टलचा मुद्दाही नेमका तोच आहे. एकाच कथेत दोनदा नको. कुठला ठेवायचा ते ठरवा.