मदत हवी आहे: फॉरेनच्या पाहुण्याचं इन्व्हिटेशन लेटर

मंडळी, आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, इटलीचा बायर कास्टिंगची क्वालिटी बघायला 12 ते 16 जानेवारी येतोय, त्याच्या बिझनेस व्हिसासाठी आम्ही लेटरहेडवर लेटर दिलं पण त्यात नुसतं "कंपनी व्हिजिट" लिहिलं, आणि पासपोर्टवरचं मधलं नाव राहून गेलं, मग व्हिसावाल्यांनी त्याच्याकडं परत खुलासा मागितला. आता नवीन लेटरात पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, पंप बॉडीच्या सॅम्पलची तपासणी आणि रेटची बोलणी, तारखा सगळं घातलंय. अडलंय एका ठिकाणी, विमानाचं तिकीट तो काढणार, हॉटेल आणि गाडी आमच्याकडं, तर खर्चाचं वाक्य असं वेगवेगळं लिहिलं तर चालतं का? कुणी केलं असेल तर सांगा राव, तिकीट काढायचं थांबलंय.